पत्रासोबतची सहपत्रे, स्वयंसाक्षांकित प्रती आणि मजकुरातील जोडपत्रांचा निर्देश

प्राथमिक शाळेतून पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे जाणारे बहुतेक प्रस्ताव मजकुरातील चुकीमुळे परत येत नाहीत. पत्र व्यवस्थित लिहिलेले असते, विषय स्पष्ट असतो, मागणीही रास्त असते. तरीसुद्धा काही दिवसांनी तोच प्रस्ताव "आवश्यक कागदपत्रांसह फेरसादर करावा" असा शेरा घेऊन शाळेत येतो आणि मुख्याध्यापकास आश्चर्य वाटते. कारण कागदपत्रे जोडलेली होती अशी त्यांची खात्री असते. प्रस्ताव उघडून पाहिला म्हणजे कारण कळते. पत्राच्या मजकुरात "आवश्यक ती सर्व कागदपत्रे सोबत जोडली आहेत" असे एक वाक्य असते आणि पत्राच्या तळाशी "सोबत : वरीलप्रमाणे" असे दोन शब्द असतात. वर मात्र कोठेच काही नावानिशी लिहिलेले नसते. त्यामुळे कोणता कागद पाठविला, कोणता राहून गेला आणि कोणता वाटेत सुटून पडला हे पाठविणाऱ्यालाही सांगता येत नाही व घेणाऱ्यालाही सांगता येत नाही.

"वरीलप्रमाणे" हा शब्द मुळात वाईट नाही. मजकुरात एकच सहपत्र असेल आणि त्याचे पूर्ण नाव तेथे आलेले असेल तर तो पुरतो. एकाहून अधिक कागद असतील तेथे मात्र त्याचा उपयोग करू नये.

जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव हे या बाबतीत चांगले उदाहरण आहे. त्यात तीन निरनिराळ्या प्रकारचे कागद एकत्र येतात आणि प्रत्येकावर सही करणारी व्यक्ती वेगळी असते. शिवाय त्यात वेळेला महत्त्व असते. चौथीपर्यंतच्या शाळेतील मूल वर्षअखेर शाळा सोडल्याचा दाखला घेऊन दुसरीकडे जाते. दाखल्यावर रजिस्टरमधील तारीखच उतरते आणि पुढे प्रत्येक अर्जात तीच चालत राहते. दाखला निघून गेल्यावर अशी दुरुस्ती फार अवघड होते. म्हणून जुलैमध्ये पाठविलेला प्रस्ताव एकदा परत येऊन सप्टेंबरमध्ये पुन्हा गेला आणि तोही त्रुटी निघून परत आला, तर त्या मुलीचे वर्ष पुष्कळसे निघून गेलेले असते.

असा प्रसंग घेऊ. एका विद्यार्थिनीस जून २०२२ मध्ये पहिलीत प्रवेश मिळाला. त्या वेळी पालकांनी जन्माचे प्रमाणपत्र आणलेले नव्हते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून शाळेने पालकांच्या लेखी निवेदनावर प्रवेश दिला आणि ते योग्यच झाले. प्रवेश अर्जात पालकांनी तारीख २१ ऑगस्ट २०१६ अशी लिहिली. रजिस्टरमध्ये उतरविताना ती १२ ऑगस्ट २०१६ अशी पडली आणि अक्षरी नोंदही आकड्यांवरूनच केलेली असल्यामुळे "बारा ऑगस्ट" अशी झाली. जुलै २०२५ मध्ये, मुलगी चौथीत असताना, पालकांनी जन्माचे प्रमाणपत्र आणले तेव्हा हा फरक लक्षात आला. आता मुख्याध्यापकांस केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीच्या परवानगीचा प्रस्ताव पाठवावयाचा आहे.

पत्र लिहावयास बसण्यापूर्वी हाती असलेल्या प्रत्येक कागदाविषयी एक प्रश्न विचारावा : हा कागद कोणाचा आहे? त्याच्या उत्तरावरून तो मूळ जाईल, प्रमाणित उतारा म्हणून जाईल की स्वयंसाक्षांकित प्रत म्हणून जाईल, हे ठरते.

पालकांचा अर्ज आणि पालकांचे स्वयंघोषणापत्र हे याच कामासाठी लिहिलेले कागद आहेत. ते मूळ स्वरूपातच जातात आणि त्यांची छायाप्रत शाळेत राहते. जनरल रजिस्टर व २०२२ चा प्रवेश अर्ज हे शाळेच्या दप्तरातील कागद आहेत. ते दप्तराबाहेर जाऊ शकत नाहीत, म्हणून त्यांचा उतारा अथवा नक्कल जाते आणि दप्तराचे ताबेदार या नात्याने मुख्याध्यापक त्यावर "शाळेच्या दप्तरातील मूळ नोंदीवरून खरी नक्कल" असे लिहून सही, दिनांक व शाळेचा शिक्का करतात. हे साक्षांकन पदाचे आहे; त्यास स्वयंसाक्षांकन म्हणू नये. जन्माचे प्रमाणपत्र मात्र पालकांच्या ताब्यातील कागद आहे. त्याची प्रत पालकांनीच स्वयंसाक्षांकित करावयाची असते.

या ठिकाणी पुष्कळ शाळांत गोंधळ होतो. प्रस्ताव मुख्याध्यापकांचा आहे, तेव्हा त्यातील सर्व कागदांवर मुख्याध्यापकांनीच "स्वयंसाक्षांकित" असा शिक्का मारून सही करावी, अशी एक समजूत रूढ झाली आहे. स्वयंसाक्षांकन या शब्दातील "स्वयं" म्हणजे तो कागद ज्याचा आहे आणि ज्याने तो पुरावा म्हणून पुढे केला आहे तो मनुष्य होय. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून आणण्याऐवजी अर्जदाराचे स्वयंसाक्षांकन आणि प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र स्वीकारण्याची पद्धत घातली. जेथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र आवश्यक ठरविले आहे तेथे ही सवलत लागू नाही. या पद्धतीचा अर्थच असा की प्रतीच्या खरेपणाची जबाबदारी अर्जदाराने स्वतः घेतली आहे. दुसऱ्याने त्याच्या वतीने सही केली म्हणजे जबाबदारी कोणाचीच राहत नाही. मुलगी अज्ञान असल्यामुळे येथे आई किंवा वडील सही करतील आणि सहीखाली आपले पूर्ण नाव व मुलीशी असलेले नाते लिहितील.

मुख्याध्यापकांनी त्या प्रतीवर काहीच करावयाचे नाही असे नाही. मूळ प्रमाणपत्र पाहून, प्रतीशी ताडून, ते पालकांस परत केल्याचे त्यांनी पत्राच्या मजकुरात एका वाक्याने नमूद करावे. कार्यालयात त्या एका वाक्यास शिक्क्यापेक्षा अधिक वजन असते.

स्वयंसाक्षांकनाची रीत सोपी आहे, परंतु ती नेमकी पाळली पाहिजे. छायाप्रतीच्या मोकळ्या जागेत "मूळ कागदाप्रमाणे खरी प्रत" असे लिहावे, त्याखाली सही, पूर्ण नाव आणि दिनांक घालावा. सही कागदावरील नोंदणी क्रमांकावर, तारखेवर किंवा मूळ शिक्क्यावर येता कामा नये. जे वाचावयाचे तेच झाकले गेले तर प्रत निरुपयोगी होते. कागद दोन्ही बाजूंनी छापलेला असेल तर दोन्ही बाजूंची प्रत काढावी आणि प्रत्येक पृष्ठावर सही करावी. प्रमाणपत्राच्या पाठीमागे दुरुस्तीची नोंद असेल आणि प्रत फक्त पुढच्या बाजूची असेल, तर ती प्रत अपुरीच नव्हे तर दिशाभूल करणारी ठरते.

आणखी एक चूक वारंवार आढळते. एका छायाप्रतीवर पालकांची सही घेतात आणि मग त्या सही केलेल्या प्रतीच्याच आणखी तीन प्रती काढून निरनिराळ्या प्रस्तावांना लावतात. अशा प्रतीवर जी दिसते ती सही नसून सहीचे चित्र होय. ओळखण्यास सोपे आहे : कागद उजेडाकडे तिरपा धरावा किंवा मागील बाजूवरून बोट फिरवावे. बॉलपेनच्या सहीचा दाब मागे जाणवतो, छायाप्रतीचा जाणवत नाही. म्हणून आधी हव्या तितक्या छायाप्रती काढाव्यात आणि मग प्रत्येकीवर शाईने वेगळी सही घ्यावी. निळ्या शाईची सही असल्यास तपासणाऱ्याचे काम अधिकच सोपे होते.

रजिस्टरच्या नकलेसंबंधी एक गोष्ट येथेच सांगणे बरे. रजिस्टरच्या उघड्या पानाची सरळ छायाप्रत काढून पाठविण्याची सवय सोडून द्यावी. त्या पानावर इतर मुलांची नावे, जाती, जन्मतारखा व पालकांचे व्यवसाय असतात आणि त्यांचा या प्रस्तावाशी काहीही संबंध नसतो. त्या एका नोंदीचा रकान्यांसह उतारा लिहून काढावा, किंवा छायाप्रत घेताना वरखालच्या नोंदींवर कोरा कागद ठेवावा. मात्र ज्या नोंदीत दुरुस्ती हवी आहे ती जशी आहे तशीच, चुकीच्या तारखेसह, उतरली पाहिजे. उताऱ्यातच तारीख सुधारून लिहिली की प्रस्तावाचा पायाच नाहीसा होतो, शिवाय मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्रास खोटेपणा येतो.

कागदांचे स्वरूप ठरले की पत्राचा मजकूर लिहावा आणि तो लिहीत असतानाच जोडपत्रांचे क्रमांक पडत जावेत. पत्रासोबत जाणारा प्रत्येक कागद हे सहपत्र आहे. ज्याच्या आधाराने मजकुरात एखादे विधान केले आहे त्यास जोडपत्र म्हणून क्रमांक द्यावयाचा. चांगल्या प्रस्तावात या दोहोंत फरक उरत नाही. कारण ज्याचा मजकुरात उल्लेखच नाही असा कागद मुळात का जावा, हा प्रश्न आहे. मुलीच्या आधारपत्राची प्रत अशी पुष्कळदा विनाकारण जाते. आधारपत्र ओळख पटविण्यासाठी आहे. जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते या प्रस्तावास बळ देत नाही आणि मजकुरात त्यावर एकही वाक्य अवलंबून नसते. तेव्हा मागितले नसेल तर ते लावू नये.

क्रमांकांसाठी अ, ब, क, ड ही अक्षरे वापरण्याची जुनी रीत आहे. तीत दोष नाही. परंतु मजकुरात "जोडपत्र ब" आणि तळाच्या यादीत तोच कागद "३" असे झाले की वाचणाऱ्यास दोन हिशेब ठेवावे लागतात. म्हणून मजकुरात, यादीत आणि कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एकच क्रमांक असावा. सगळीकडे आकडे घालावेत हे सर्वांत सोयीचे. क्रम कोणता लावावा? मजकुरात ज्या क्रमाने कागद प्रथम येतात तोच. मग वाचणारा पत्र वाचीत जातो आणि कागद उलटीत जातो. त्यास मागे-पुढे चाळावे लागत नाही.

वरील प्रसंगातील पत्राचा मजकूर असा होईल :

"उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, या शाळेत इयत्ता ४ थीत शिकत असलेल्या विद्यार्थिनीच्या (जनरल रजिस्टर क्रमांक ४१२) पालकांनी जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी ७ जुलै २०२५ रोजी अर्ज केला आहे (जोडपत्र १). जनरल रजिस्टरमध्ये तिची जन्मतारीख १२ ऑगस्ट २०१६ अशी नोंदलेली आहे (जोडपत्र २). प्रवेशाच्या वेळी पालकांनी भरून दिलेल्या अर्जात मात्र ती २१ ऑगस्ट २०१६ अशी आहे (जोडपत्र ३, पृष्ठ १, रकाना ५). ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू निबंधकांकडील प्रमाणपत्रात जन्मतारीख २१ ऑगस्ट २०१६ असून जन्माची नोंदणी २ सप्टेंबर २०१६ रोजी झालेली आहे (जोडपत्र ४). मूळ प्रमाणपत्र पाहून प्रतीशी ताडून परत केले आहे. सदर माहिती खरी असल्याबद्दल पालकांनी स्वयंघोषणापत्र दिले आहे (जोडपत्र ५). रजिस्टरमधील चूक प्रवेश अर्जावरून नोंद उतरविताना आकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे झाली, असे जोडपत्र २ व ३ ताडून पाहता दिसते. तरी दुरुस्तीस परवानगी मिळावी, ही विनंती."

या मजकुरातील प्रत्येक कंस वाचणाऱ्यास एका कागदाकडे नेतो, काही ठिकाणी त्या कागदावरील एका रकान्याकडे नेतो. प्रवेश अर्ज दोन पृष्ठांचा आहे, त्यात वीस-पंचवीस रकाने आहेत. नुसते "जोडपत्र ३ पाहावे" असे लिहिले तर तपासणाऱ्याने तारीख शोधीत बसावयाचे. लांब कागदाचा निर्देश करताना पृष्ठ व रकाना सांगावा, एका पृष्ठाच्या कागदास त्याची गरज नाही.

चौथ्या जोडपत्राच्या वाक्यात नोंदणीची तारीख मुद्दाम घातली आहे. जन्माच्या प्रमाणपत्रावर जन्माची तारीख, नोंदणीची तारीख आणि प्रमाणपत्र दिल्याची तारीख अशा तीन तारखा असतात. हे प्रमाणपत्र पालकांनी जुलै २०२५ मध्ये काढलेले आहे. मजकुरात व यादीत केवळ "जन्म प्रमाणपत्र, दिनांक ३ जुलै २०२५" असे लिहिले तर वाचणाऱ्यास पहिली शंका येते ती अशी की, दुरुस्ती हवी म्हणून आता नवी नोंद करून घेतली काय? जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते आणि येथे जन्मानंतर बाराव्या दिवशीच नोंदणी झालेली आहे. शाळेतील प्रवेशाच्या जवळजवळ सहा वर्षे आधी. प्रस्तावातील सर्वांत बळकट गोष्ट हीच आहे. ती कागदावर आहेच, परंतु मजकुराने तिच्याकडे बोट दाखविले नाही तर ती तेथेच पडून राहते.

मजकूर झाल्यावर, मुख्याध्यापकांच्या सहीखाली डाव्या बाजूस, यादी येते :

सोबत :
१. पालकांचा अर्ज, दि. ७ जुलै २०२५ (मूळ) – १ पृष्ठ
२. जनरल रजिस्टर क्रमांक ४१२ चा उतारा (मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेला) – १ पृष्ठ
३. प्रवेश अर्ज, जून २०२२ (मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेली नक्कल) – २ पृष्ठे
४. जन्म प्रमाणपत्र, नोंदणी दि. २ सप्टेंबर २०१६, दिल्याचा दि. ३ जुलै २०२५ (पालकांनी स्वयंसाक्षांकित केलेली प्रत) – १ पृष्ठ
५. पालकांचे स्वयंघोषणापत्र, दि. ७ जुलै २०२५ (मूळ) – १ पृष्ठ
एकूण सहपत्रे ५, पृष्ठे ६.

प्रत्यक्ष पत्रात चौथ्या ओळीवर प्रमाणपत्राचा नोंदणी क्रमांकही घालावा. प्रत्येक ओळीत कागदाचे नाव, त्याची ओळख पटेल असा दिनांक किंवा क्रमांक, तो मूळ आहे की प्रत आहे, प्रत असल्यास कोणी साक्षांकित केली आहे आणि पृष्ठे किती, एवढे आले म्हणजे पुरे. शेवटची एकूण पृष्ठांची ओळ लहान दिसते, पण आवक शाखेतील कारकून प्रथम तीच पाहतो. पाचवा कागद टाचणीतून निसटला असेल तर तो त्याच क्षणी कळतो, पंधरा दिवसांनी नव्हे. स्वयंघोषणापत्र जुन्या छापील नमुन्यावर भरून घेतले असेल तर त्यात भारतीय दंड संहितेची कलमे असतात. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे, तेव्हा नमुना नवा आहे की नाही हे पाहून मगच सही घ्यावी.

यादीशी ज्याची गल्लत होते असा दुसरा भाग म्हणजे पत्राच्या वरील "संदर्भ". संदर्भात ज्यांच्या अनुषंगाने पत्र लिहिले ती पूर्वीची पत्रे, परिपत्रके व शासन निर्णय येतात. ते वाचणाऱ्या कार्यालयात असतात असे गृहीत धरलेले असते. "सोबत" मध्ये जे आहे ते या पत्राबरोबर त्याच्या हाती पडते. पालकांचा अर्ज संदर्भात लिहिला आणि सोबत लिहिला नाही, तर तो जोडलेला असूनही नोंदीत जोडलेला नाही. उलट, शासन निर्णयाच्या दहा पृष्ठांची प्रत सोबत लावून प्रस्ताव जाड करणे व्यर्थ आहे. त्याचा दिनांक संदर्भात दिला म्हणजे झाले.

पत्र बंद करण्यापूर्वी दोन वेळा ताडून पाहावे. पहिल्यांदा मजकुरावरून : मजकुरातील प्रत्येक कंसावर बोट ठेवून तो कागद बाहेर काढावा आणि विधानात लिहिले ते त्यावर खरोखर आहे काय हे वाचावे. दुसऱ्यांदा कागदांवरून : प्रत्येक कागद उचलून मजकुरात त्याचा कंस कोठे आहे हे शोधावे. एकाच दिशेने ताडले तर एकाच प्रकारची चूक सापडते. दुरुस्तीच्या घाईत मजकुरातील एखादे वाक्य वगळले जाते आणि त्याचे जोडपत्र मात्र मागे राहते. ही चूक दुसऱ्या फेरीशिवाय दिसत नाही.

केंद्रप्रमुखांस प्रत द्यावयाची असेल तर ती सहपत्रांसह आहे की सहपत्रांशिवाय आहे हे "प्रत" या शब्दापुढे लिहावे. शाळेच्या स्थळप्रतीस मात्र सर्व सहपत्रांच्या छायाप्रती लावलेल्याच असाव्यात आणि पोच घेताना "सहपत्रे ५, पृष्ठे ६ मिळाली" असे लिहून घेऊन त्याखाली सही व दिनांक घ्यावा. ई-मेलने पाठविताना सर्व पृष्ठे याच क्रमाने एकाच फाईलमध्ये स्कॅन करावीत. सहा निरनिराळी छायाचित्रे पाठविल्यास ती कोणत्या क्रमाने उघडतील यावर पाठविणाऱ्याचा ताबा राहत नाही.

कधीकधी एवढे करूनही कार्यालयाकडून आणखी एखादा कागद मागितला जातो, उदाहरणार्थ मुलीच्या लसीकरण पुस्तिकेची प्रत. त्या वेळी सर्व प्रस्ताव नव्याने क्रमांक देऊन पाठवू नये. पहिल्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक संदर्भात देऊन नव्या कागदास "जोडपत्र ६" असा पुढचाच क्रमांक द्यावा. आधी पाठविलेला एखादा कागद बदलावयाचा असेल, जसे स्वयंघोषणापत्रावरील दिनांक राहून गेला असेल, तर नवा कागद "जोडपत्र ५ (सुधारित)" म्हणून पाठवावा आणि पूर्वीचा रद्द समजावा असे मजकुरात लिहावे. म्हणजे पहिल्या पत्रातील कंस पुढेही योग्य त्याच कागदाकडे नेत राहतील.